अंडाशयाची स्लाइड वाचताना: प्रायमॉर्डियल फॉलिकलपासून कॉर्पस ल्युटियमपर्यंत

पुस्तकातल्या आकृतीत अंडाशयाच्या कडेने फॉलिकल्स, म्हणजे अंडपेशी आणि तिच्याभोवतीच्या पेशींचे पिंड, वयानुसार ओळीने मांडलेली असतात: आधी सर्वांत लहान, मग मोठी, मग फुटलेले फॉलिकल आणि शेवटी त्यापासून बनणारा पिंड, कॉर्पस ल्युटियम. स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की ही ओळ कुठेच सापडत नाही. कोणतेही फॉलिकल अंडाशयाला प्रदक्षिणा घालत वाढत नाही. ते जिथे असते तिथेच मोठे होते, तिथेच फुटते किंवा तिथेच नष्ट होते, आणि एकाच कापात सगळ्या वयांची फॉलिकल्स शेजारी शेजारी विखुरलेली दिसतात. शिवाय आकृतीतले प्रत्येक फॉलिकल अगदी मध्यातून कापलेले असते. प्रत्यक्षात सुरी जिथून गेली तिथून गेलेली असते. मी स्वतः शिकत असताना माझ्या बहुतेक चुका या दुसऱ्या कारणाने झाल्या, म्हणून या लेखात टप्प्यांची ओळख देतानाच काप कुठून गेला असावा हे ओळखण्यावर अधिक भर दिला आहे.

हे मार्गदर्शन हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या नेहमीच्या रंगांनी रंगवलेल्या, सस्तन प्राण्याच्या अंडाशयाच्या कापासाठी आहे. या रंगक्रियेत केंद्रके निळी-जांभळी आणि पेशीद्रव्य व तंतू गुलाबी दिसतात.

काय जवळ असावे

- ४, १० आणि ४० पट मोठे करणाऱ्या वस्तुभिंगांचा प्रकाश सूक्ष्मदर्शक.
- नेत्रिकेत बसवलेली मोजपट्टी आणि तिचे मापन जुळवून घेण्यासाठी स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे ठरावीक अंतरावर खुणा कोरलेली काचपट्टी.
- शक्य असल्यास एकाच अंडाशयाचे ओळीने घेतलेले काप. एकच काप आणि वीस सलग काप यांतून मिळणाऱ्या माहितीत फार मोठा फरक असतो.
- शक्य असल्यास पीएएस पद्धतीने, म्हणजे शर्करायुक्त पदार्थ किरमिजी रंगवणाऱ्या पद्धतीने, रंगवलेली एक जोडस्लाइड.
- स्लाइड कोणत्या प्राण्याची आहे याची नोंद. ही नोंद का लागते हे सहाव्या पायरीत येईल.
- कोरा कागद आणि पेन्सिल.

१. आधी मोजपट्टी जुळवून घ्या

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण ती गाळतात. नेत्रिकेतल्या मोजपट्टीवरच्या एका घराची किंमत प्रत्येक वस्तुभिंगाबरोबर बदलते, त्यामुळे ती एकदाच काढून कागदावर लिहून ठेवावी. समजा, १० पटीच्या भिंगाखाली नेत्रिकेतली १०० घरे स्टेज मायक्रोमीटरवरच्या १ मिलिमीटरवर बरोबर बसली, तर एक घर म्हणजे १० मायक्रोमीटर. त्याच सूक्ष्मदर्शकावर ४० पटीच्या भिंगाखाली तेच घर २.५ मायक्रोमीटरचे होईल. तुमच्या सूक्ष्मदर्शकावर हे आकडे थोडे वेगळे येऊ शकतात, म्हणून दुसऱ्याचे आकडे वापरू नयेत.

मापाने टप्पा ठरत नाही हे पुढे वारंवार येईल. पण पेशी १५ मायक्रोमीटरची आहे की ३० मायक्रोमीटरची, एवढे तरी सांगता आलेच पाहिजे.

२. सर्वांत कमी शक्तीवर नकाशा काढा

४ पटीच्या भिंगाखाली संपूर्ण काप फिरवून पाहा आणि कागदावर त्याची बाह्यरेषा काढा. अंडाशयाचे दोन भाग दिसतील. बाहेरच्या भागात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, फॉलिकल्स असतात. आतल्या भागात, म्हणजे मेडुलामध्ये, सैल संयोजी ऊती आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात. कॉर्टेक्सच्या अगदी बाहेर घनाकार पेशींचा एकपदरी थर असतो आणि त्याच्या खाली दाट तंतूंचा पट्टा, ट्युनिका अल्बुजिनिया, असतो. घनाकार पेशींचा थर पुष्कळ स्लाइडवर हाताळणीत निघून गेलेला असतो, त्यामुळे तो दिसला नाही तरी काळजी करू नये.

इथला पहिला सापळा मेडुलातल्या धमन्यांचा आहे. त्या नागमोडी असल्याने एकाच ठिकाणी चार-पाच गोल छेद दिसतात आणि नवख्याला तो फॉलिकल्सचा पुंजका वाटतो. मधल्या पोकळीत लाल रक्तपेशी असतील, पोकळीला चपट्या पेशींचे पातळ अस्तर असेल आणि भिंत गुळगुळीत स्नायूंची असेल, तर ती धमनी समजावी.

नकाशावर दिसणाऱ्या प्रत्येक मोठ्या गोलाला क्रमांक द्या, पण अजून नाव देऊ नका. नाव दिले की डोळे त्या नावाला जुळणाऱ्याच गोष्टी शोधू लागतात.

३. प्रायमॉर्डियल फॉलिकल: ट्युनिकाच्या लगत शोधा

आता ४० पटीच्या भिंगावर या आणि ट्युनिका अल्बुजिनियाच्या लगेच आत पाहा. मांजरीच्या अंडाशयात इथे प्रायमॉर्डियल फॉलिकल्सचे दाट थवे असतात. प्रौढ मानवी अंडाशयात ती विरळ असतात आणि एकेक करून शोधावी लागतात.

प्रायमॉर्डियल फॉलिकल म्हणजे मध्ये एक अंडपेशी आणि तिच्याभोवती चपट्या फॉलिक्युलर पेशींचा एकच थर. माणसात ही अंडपेशी सुमारे ३० मायक्रोमीटर व्यासाची असते. तिचे केंद्रक मोठे, गोल आणि फिकट असते आणि त्यात ठळक केंद्रिका दिसते. ही पेशी जन्माआधीच अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात येऊन थांबलेली असते आणि कित्येक वर्षे त्याच स्थितीत राहते.

चपट्या पेशी नवख्यांना दिसत नाहीत, कारण सबंध पेशी दिसेल अशी अपेक्षा ते करतात. प्रत्यक्षात दिसतात ती फक्त त्यांची सपाट, गडद केंद्रके, तीही कापात दोन-चारच, अंडपेशीच्या कडेला चिकटलेली. भोवतालच्या स्ट्रोमातही, म्हणजे फॉलिकल्सना आधार देणाऱ्या ऊतीतही, तर्कूसारखी लांबट केंद्रके असतात, म्हणून दोन्हींची गल्लत होते. केंद्रकाची वक्रता अंडपेशीच्या कडेशी तंतोतंत जुळत असेल, तर ती फॉलिक्युलर पेशी धरावी.

४. प्राथमिक फॉलिकल: पेशींचा आकार बघा, थर नंतर मोजा

फॉलिकल वाढीला लागल्याची पहिली खूण अंडपेशीभोवतीच्या पेशींमध्ये दिसते. त्या चपट्या असतात त्या घनाकार होतात. थर अजून एकच असतो, पण केंद्रके आता गोल दिसतात आणि मण्यांच्या माळेसारखी अंडपेशीभोवती बसलेली असतात. काही पेशी चपट्या आणि काही घनाकार असलेली फॉलिकल्सही तुम्हाला भेटतील. ती संक्रमणावस्थेतली आहेत असेच लिहावे, ओढूनताणून एका बाजूला ढकलू नये.

पुढे या पेशी विभागून दोन, तीन, अधिक थर करतात आणि आता त्यांना ग्रॅन्युलोसा पेशी म्हणतात. याच काळात अंडपेशी आणि ग्रॅन्युलोसा यांच्यामध्ये झोना पेल्युसिडा दिसू लागतो. हा काचेसारखा एकसंध, गुलाबी पट्टा ग्लायकोप्रोटीनांचा बनलेला असतो, त्यामुळे पीएएस पद्धतीत तो भडक किरमिजी दिसतो. जोडस्लाइडचा उपयोग इथे होतो.

झोना आणि अंडपेशी यांच्यामध्ये पुष्कळदा पांढरी फट दिसते. ऊती स्थिर करताना आणि तिच्यातले पाणी काढताना अंडपेशी आकसते, त्यामुळे ही फट पडते. जिवंत फॉलिकलमध्ये एवढी मोकळी जागा नसते, म्हणून ती चित्रात रचना म्हणून दाखवू नये.

बाहेरच्या बाजूला स्ट्रोमाच्या पेशी फॉलिकलभोवती वर्तुळाकार रचल्या जाऊ लागतात. हा थीकाचा आरंभ आहे. थीका आणि ग्रॅन्युलोसा यांच्यामध्ये एक आधारपटल असते. ग्रॅन्युलोसाच्या बाजूला रक्तवाहिन्या नसतात, थीकाच्या बाजूला असतात, आणि फॉलिकल फुटेपर्यंत ही सीमा टिकते. हे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढच्या पायऱ्यांतले निम्मे गोंधळ सुटतात.

५. पोकळी असलेले फॉलिकल: सुरी कुठून गेली ते विचारा

इथे आधी नावांचा घोळ दूर करू. काही पुस्तकांत ग्रॅन्युलोसाचे अनेक थर झाले पण पोकळी नाही, अशा फॉलिकलला दुय्यम म्हणतात. काही पुस्तकांत पोकळी दिसू लागल्यावरच दुय्यम हे नाव देतात. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. म्हणून नावाबरोबर नेहमी वर्णन लिहावे: ‘अनेकपदरी, पोकळी नसलेले’ किंवा ‘पोकळी असलेले’. मग वाचणारा कोणत्याही पद्धतीचा असला तरी त्याला अर्थ कळतो.

ग्रॅन्युलोसा पेशींमध्ये आधी द्रवाच्या लहान लहान जागा दिसतात आणि त्या एकत्र येऊन एक मोठी पोकळी, अँट्रम, तयार होते. स्लाइडवर हा द्रव फिकट गुलाबी, एकसारखा दिसतो किंवा वाहून गेलेला असतो. अंडपेशी एका बाजूला सरकते आणि ग्रॅन्युलोसाच्या एका उंचवट्यावर, क्युम्युलस ऊफोरसवर, बसलेली दिसते. माणसात अंडपेशीची वाढ सुमारे १२० मायक्रोमीटरवर थांबते. त्यानंतर फॉलिकल कितीही वाढले तरी ती वाढ द्रवाची आणि भोवतालच्या पेशींची असते. फुटण्याच्या सुमारास मानवी ग्राफियन फॉलिकल साधारण २० मिलिमीटरचे असते, म्हणजे एवढ्या मोठ्या फुग्यात अंडपेशी ठिपक्याएवढीच. रेग्निअर द ग्राफ यांनी १६७२ मध्ये या फुग्यांचे वर्णन केले तेव्हा त्यांनी संपूर्ण फुग्यालाच अंडे मानले होते. आतली खरी अंडपेशी कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये दाखवली.

ग्रॅन्युलोसा पेशींच्या अधूनमधून लहान गोल गुलाबी जागा दिसतात आणि त्यांच्याभोवती पेशी आऱ्यांसारख्या उभ्या असतात. ही कॉल-एक्सनर पिंडे आहेत. त्यांच्यात केंद्रक नसते आणि ती अंडपेशीपेक्षा बरीच लहान असतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पोकळी असलेली दहा फॉलिकल्स पाहिली तर बहुतेकांत अंडपेशी दिसणारच नाही. नवखा विद्यार्थी लगेच ‘अंडपेशी नाही’ असे लिहितो आणि पुढे जातो. थोडा हिशेब करून पाहा. समजा, फॉलिकलचा व्यास ८०० मायक्रोमीटर आहे, अंडपेशीचा १०० आणि तिच्या केंद्रकाचा ३०. काप ५ मायक्रोमीटर जाडीचे आहेत. संपूर्ण फॉलिकलचे १६० काप पडतील. त्यांपैकी अंडपेशीचा काही ना काही भाग सुमारे २० कापांत येईल आणि तिचे केंद्रक जेमतेम ६ कापांत. म्हणजे दर आठ कापांपैकी सात काप अंडपेशीविना असणारच. त्यात आजाराचे किंवा नाशाचे लक्षण काहीच नाही. ‘या कापाच्या पातळीत अंडपेशी आलेली नाही’ हे तिथे लिहायचे वाक्य आहे.

याच फॉलिकलचा हिशेब आणखी एक पाऊल पुढे नेऊ, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथे झाली होती. ग्रॅन्युलोसाची भिंत सगळीकडे ६० मायक्रोमीटर जाड आहे असे धरा. काप बरोबर मध्यातून गेला तर व्यास ८०० आणि भिंत ६० दिसते. काप मध्यापासून ३०० मायक्रोमीटर दूर गेला तर वर्तुळाचा व्यास सुमारे ५३० दिसतो आणि भिंत तिरकी कापली गेल्याने सुमारे १०५ मायक्रोमीटर जाड दिसते. फॉलिकल लहान वाटते आणि ग्रॅन्युलोसा जाड वाटतो, म्हणून पाहणारा त्याला आधीच्या टप्प्यात टाकतो. काप आणखी ५० मायक्रोमीटर बाहेर, म्हणजे मध्यापासून ३५० वर गेला, तर तो पोकळीला स्पर्शच करत नाही. दिसते ती फक्त ग्रॅन्युलोसा पेशींची, सुमारे ३९० मायक्रोमीटर व्यासाची, भरीव गोल चकती. अंडपेशी नाही, झोना नाही, पोकळी नाही.

अशीच एक भरीव चकती मला एका मांजरीच्या स्लाइडवर मिळाली होती आणि मी तिच्याखाली कॉर्पस ल्युटियम असे लिहिले होते. शिकवणाऱ्या बाईंनी नाव खोडले नाही. त्यांनी त्याच ब्लॉकचे पुढचे काप माझ्यासमोर ठेवले. तिसऱ्या कापात चकतीच्या मध्ये गुलाबी द्रवाचा लहानसा डाग उघडला, पुढे तो वाढत गेला आणि बऱ्याच कापांनंतर क्युम्युलसवर बसलेली अंडपेशी समोर आली. चकती म्हणजे फॉलिकलच्या भिंतीची वरची टोपी होती.

सलग काप नसतील तेव्हा अशी टोपी पुढील खुणांवरून ओळखता येते. पेशी लहान असतात, दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि त्यांची केंद्रके गडद असतात. त्यांच्यामध्ये एकही केशवाहिनी नसते, कारण आधारपटलाची सीमा अजून शाबूत आहे. आणि चकतीभोवतीचा थीका नेहमीपेक्षा रुंद, पुसट कडेचा दिसतो, कारण तोही तिरका कापला गेला आहे. याउलट कॉर्पस ल्युटियममध्ये पेशी मोठ्या व फिकट असतात आणि त्यांच्यामध्ये केशवाहिन्यांचे जाळे असते.

थीकाचे दोन पदर मध्यातून गेलेल्या कापातच नीट वेगळे करता येतात. आतला थीका इंटर्ना गुबगुबीत, फिकट पेशींचा आणि केशवाहिन्यांनी भरलेला असतो. बाहेरचा थीका एक्स्टर्ना लांबट पेशींचा आणि तंतूंचा असतो आणि स्ट्रोमात केव्हा मिसळतो हे सांगता येत नाही. चित्रात तिथे ठळक रेघ ओढू नये.

६. नष्ट होणारे फॉलिकल: यालाच सर्वांत जास्त वेळ द्या

वाढीला लागलेल्या फॉलिकल्सपैकी फारच थोडी फुटण्यापर्यंत पोचतात. माणसात तारुण्यारंभी काही लाख फॉलिकल्स असतात आणि संपूर्ण आयुष्यात साधारण ४०० ते ५०० अंडपेशी बाहेर पडतात. उरलेली सगळी वाटेतच नष्ट होतात. या क्रियेला अट्रेशिया म्हणतात, आणि तो कोणत्याही टप्प्यावर सुरू होऊ शकतो. म्हणून तुमच्या स्लाइडवरची अनेक मोठी फॉलिकल्स पुस्तकातल्या चित्राशी जुळत नसतील, तर त्यातली बरीचशी नष्ट होण्याच्या मार्गावरची असतात.

पोकळी असलेल्या फॉलिकलमध्ये पहिली खूण ग्रॅन्युलोसात दिसते. काही पेशींची केंद्रके आकसून गडद, काळसर गोळ्या होतात आणि या पेशी सुट्या होऊन पोकळीत पडू लागतात. इथे एक सापळा आहे. ऊती आकसल्यामुळेही ग्रॅन्युलोसाचा संपूर्ण पदर थीकापासून सुटून आत कोसळलेला दिसतो. पदर सलग असेल आणि त्यातली केंद्रके निरोगी असतील, तर तो तयारीतला दोष आहे. पेशी एकेकट्या सुटल्या असतील आणि त्यांची केंद्रके गोळा झाली असतील, तर तो अट्रेशिया आहे. निर्णय केंद्रकांवरून करावा, फटीवरून नाही.

पुढे अंडपेशी विरघळून जाते, पण झोना पेल्युसिडा चिवट असतो. तो चुरगळलेल्या, वळ्या पडलेल्या गुलाबी फितीसारखा मागे राहतो आणि अशी एकटी फीत दिसली की निदान पक्के. ग्रॅन्युलोसा आणि थीका यांच्यामधले आधारपटल जाड होऊन लाटेसारख्या वळणांचे, चमकदार गुलाबी दिसते. त्याला काचपटल म्हणतात.

आता प्राण्याची नोंद का लागते ते सांगते. ससा, मांजर आणि कृंतक प्राण्यांत नष्ट झालेल्या फॉलिकल्सच्या थीका इंटर्नातील पेशी मरत नाहीत. त्या मोठ्या व फिकट होऊन स्ट्रोमात पसरून राहतात. त्यांना आंतरालीय पेशी म्हणतात. सशाच्या अंडाशयात त्या इतक्या विपुल असतात की कॉर्टेक्सचा मोठा भाग त्यांनीच व्यापलेला दिसतो. त्या कॉर्पस ल्युटियममधल्या ल्युटियल पेशींसारख्याच दिसतात, पण त्यांच्या गटाला स्वतःची गोल सीमा नसते आणि आत वळणारे पडदे नसतात. प्रौढ मानवी अंडाशयात त्या थोड्याच असतात.

दुसरे असे की मांजर आणि ससा यांच्यात अंडमोचन, म्हणजे फॉलिकल फुटून अंडपेशी बाहेर पडणे, सामान्यतः समागमानंतरच होते. समागम न झालेल्या मादीच्या अंडाशयात मोठी फॉलिकल्स भरपूर असूनही कॉर्पस ल्युटियम एकही नसणे स्वाभाविक आहे. माझ्या मांजरीच्या स्लाइडवर ते कुठेच नव्हते आणि मी दोन तास ते शोधत बसले होते. प्राण्याची नोंद आधी वाचली असती तर ते दोन तास वाचले असते.

७. कॉर्पस ल्युटियम: रंग शोधू नका, रक्तवाहिन्या शोधा

नावाचा अर्थ पिवळा पिंड असा आहे, म्हणून कित्येक जण स्लाइडवर पिवळा रंग शोधतात. ताज्या अवयवात तो पिवळेपणा कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे असतो आणि स्लाइड बनवताना वापरलेल्या अल्कोहोल व झायलीनमध्ये तो मेदासह निघून जातो. उरतात त्या मेदाच्या रिकाम्या जागा. म्हणूनच ल्युटियल पेशी फिकट आणि फेसाळ दिसतात.

फॉलिकल फुटल्यावर त्याची भिंत आत कोसळते आणि वळ्या पडतात. मधल्या पोकळीत थोडे रक्त आणि फायब्रिन साचते. ग्रॅन्युलोसा आणि थीका यांच्यामधले आधारपटल मोडते आणि थीकाच्या केशवाहिन्या पहिल्यांदाच ग्रॅन्युलोसात शिरतात. ग्रॅन्युलोसा पेशी फुगून मोठ्या होतात. माणसात त्यांचा व्यास सुमारे ३० मायक्रोमीटरपर्यंत जातो आणि कॉर्पस ल्युटियमचा बहुतांश भाग या ग्रॅन्युलोसा ल्युटिन पेशींचाच असतो. थीका ल्युटिन पेशी त्यांच्या निम्म्या आकाराच्या, सुमारे १५ मायक्रोमीटरच्या आणि अधिक गडद असतात. त्या बाहेरच्या कडेला आणि वळ्यांच्या खोबणीत सापडतात. पहिल्या पायरीत जुळवलेली मोजपट्टी इथे कामी येते: दोन्ही प्रकारच्या दहा-दहा पेशी, केंद्रक स्पष्ट दिसते अशाच, मोजून पाहा. केंद्रक न दिसणारी पेशी कडेवरून कापलेली असू शकते आणि तिचे माप फसवे येते.

पाहण्याचा क्रम असा ठेवावा. ४ पटीवर मोठा, गोलसर, फिकट पिंड आणि त्यात आत वळणारे संयोजी ऊतींचे पडदे दिसतात का ते पाहा. १० पटीवर मध्यभागी रक्ताचा किंवा तंतूंचा गाभा आहे का ते पाहा. ताज्या पिंडात रक्त असते, नंतर तिथे तंतू येतात. ४० पटीवर मोठ्या पेशींच्या ओळींमध्ये लाल रक्तपेशी असलेल्या केशवाहिन्या शोधा. या तिन्ही गोष्टी मिळाल्या तरच कॉर्पस ल्युटियम लिहावे. माणसात गर्भधारणा झाली नाही तर हा पिंड सुमारे १० ते १४ दिवस काम करतो आणि मग त्याची जागा तंतुमय, जवळजवळ पेशीरहित, फिकट गुलाबी कॉर्पस अल्बिकान्स घेते. त्याची बाह्यरेषा वळ्यावळ्यांचीच राहते, म्हणून तो नष्ट झालेल्या फॉलिकलच्या व्रणापासून आकार व कडा पाहून बहुधा वेगळा करता येतो. फार जुना, आकसलेला असेल तर मात्र नेहमीच नाही.

८. नकाशावर नावे भरताना

आता दुसऱ्या पायरीत काढलेला नकाशा घ्या आणि प्रत्येक क्रमांकासमोर आधी चार उत्तरे लिहा: ग्रॅन्युलोसा पेशींचा आकार आणि थर, पोकळी आहे की नाही, आधारपटलाच्या आत केशवाहिन्या आहेत की नाहीत, आणि केंद्रके निरोगी आहेत की गोळा झालेली. नाव त्यानंतर लिहा. माझ्या त्या चकतीची नोंद आज मी अशी करते: ‘क्रमांक ७. सुमारे ३९० मायक्रोमीटर व्यासाची भरीव चकती. पेशी लहान, दाट, केंद्रके निरोगी. पोकळी, अंडपेशी व झोना या पातळीत नाहीत. आत केशवाहिन्या नाहीत. थीका रुंद, पुसट. मोठ्या फॉलिकलच्या भिंतीतून गेलेला स्पर्शी काप असण्याची शक्यता. खात्रीसाठी पुढचे काप पाहावेत.’